पैसे जमा झाले, पार्सल कधी निघालं? ऑर्डर कॅन्सल होण्यामागचा उशीर कसा मोजायचा

"आमचा माल तर दीड दिवसात निघतो. तरी लोक कॅन्सल का करतात?" छोट्या दुकानांच्या ऑर्डरच्या शीट बघायला बसले की हा प्रश्न हमखास कानावर येतो. विचारणारे खोटं बोलत नसतात. त्यांनी सरासरी काढलेली असते आणि ती खरंच दीड दिवस आलेली असते. चूक असते ती सरासरी काढण्याच्या रीतीत, आणि ती नेमकी हळू चाललेल्या ऑर्डरी झाकून टाकते. ही चूक टाळून, पेमेंटपासून डिस्पॅचपर्यंतचा वेळ आणि कॅन्सल होणं यांचा संबंध साध्या शीटमध्ये कसा बघायचा, ते इथे सांगते. शीट उघडता येते आणि फॉर्म्युला खाली ओढता येतो, एवढं येत असलं तरी पुरे.

उदाहरण पैठणमधल्या एका पैठणी दुकानाचं घेते. दुकान आणि त्याचे आकडे समजावण्यासाठी जुळवलेले आहेत. त्यातले घोळ मात्र मी खऱ्या शीटमध्ये निस्तरलेले आहेत.

आधी एकच ऑर्डर नीट बघा

डाउनलोड केलेली फाइल उघडून लगेच सूत्रं लावत बसू नका. एक कॅन्सल झालेली ऑर्डर घ्या आणि तिचा तासातासाचा हिशेब लिहून काढा.

शुक्रवारी रात्री 9:40 ला एका बाईंनी बांगडी मोराच्या पदराची साडी घेतली, पैसे भरले आणि फॉल-पिकोवर टिक केली. शनिवारी 11 ला दुकान उघडलं, तेव्हा ऑर्डर दिसली. साडी कपाटात होतीच. दुपारी ती गल्लीतल्या फॉल-पिकोवाल्या ताईंकडे गेली. रविवारी त्यांना सुट्टी. सोमवारी संध्याकाळी सहाला साडी परत आली, पण कुरिअरची गाडी चारलाच येऊन गेली होती. साडीची घडी घालून, खोक्यात भरून, लेबल चिकटवून ती काउंटरवर ठेवली. सोमवारी रात्री 8:30 ला बाईंनी ऑर्डर कॅन्सल केली. पैसे भरल्यापासून 70 तास 50 मिनिटं झाली होती आणि साडी पॅक होऊन पडली होती.

यात दुकानाच्या हातचा वेळ किती गेला? शनिवारची दुपार आणि सोमवारची संध्याकाळ, एवढाच. बाकी सगळा वेळ ऑर्डर नुसती पडून होती. दुकानदाराला वाटतं, आपण दीड दिवसच काम केलं. बाईंना मात्र तीन दिवस दिसले. म्हणून या मोजणीत घड्याळ ग्राहकाचं धरायचं. रविवार, सण, दुकान बंद असलेले तास, काहीच वजा करायचं नाही. कामाचे तास वेगळे मोजावेत, पण ते दुकानातली अडचण शोधण्यासाठी. ग्राहक का निघून गेला हे त्यातून कळत नाही.

तीन वेळा, आणि त्यांचे खोटे सोबती

आपल्याला तीन वेळा हव्यात: पैसे कधी मिळाले, पार्सल कधी निघालं, ऑर्डर कधी कॅन्सल झाली. तिन्ही फाइलमध्ये सापडतात, पण प्रत्येकीच्या शेजारी तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेळ असते.

ऑनलाइन दुकान शॉपिफायवर असेल तर त्याच्या फाइलमध्ये `Created at`, `Paid at`, `Fulfilled at` आणि `Cancelled at` असे रकाने येतात. सुरुवात `Paid at` पासून करा, `Created at` पासून नको. एका ऑर्डरमध्ये दोन वस्तू असतील, तर त्या ऑर्डरच्या दोन ओळी येतात आणि `Paid at` ची वेळ फक्त पहिल्या ओळीत भरलेली असते. रिकाम्या वेळेच्या ओळी आधी काढल्या नाहीत, तर ऑर्डरींची संख्या उगाच फुगते.

वूकॉमर्समध्ये वेगळा सापळा आहे. ग्राहकाने पैसे भरायला घेतले आणि अर्ध्यात सोडले, तर स्टॉक धरून ठेवायची मुदत संपल्यावर ती ऑर्डर आपोआप `Cancelled` होते. बदल केला नसेल तर ही मुदत 60 मिनिटांची असते. अशा ऑर्डरींचे पैसे कधी आलेलेच नसतात, त्यामुळे उशिराचा प्रश्नच येत नाही. त्या मोजणीत राहिल्या की पहिल्या दिवशीच कॅन्सलचा डोंगर दिसतो आणि पुढच्या दिवसांची चढण त्यामागे लपते. पैसे मिळाल्याची वेळ रिकामी असलेली प्रत्येक ऑर्डर बाहेर काढा. कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरीही वेगळ्या ठेवा. त्यांत पैसे शेवटी येतात, म्हणून हे घड्याळ त्यांना लागूच होत नाही.

सगळ्यात जास्त फसवते ती डिस्पॅचची वेळ. बहुतेक ठिकाणी ती लेबल काढल्याची किंवा ऑर्डर "पाठवली" अशी खूण केल्याची असते. लहान दुकानात रात्री नऊला बसून दिवसाची सगळी लेबलं काढायची पद्धत असते, आणि पार्सल जातं दुसऱ्या दिवशीच्या गाडीने. शीट म्हणते पार्सल काल निघालं, ग्राहकाच्या ट्रॅकिंगमध्ये काहीच हललेलं नसतं. तपासायला सोपं आहे: कुठलीही 20 पार्सलं घ्या, कुरिअरच्या ट्रॅकिंगवरची पिकअपची पहिली नोंद बघा आणि शीटमधल्या वेळेशी ताडून पाहा. फरक दोन-तीन तासांचा असेल तर सोडून द्या. 15-20 तासांचा असेल तर कुरिअरच्या पिकअपची वेळच वापरा. कुरिअरच्या पॅनेलमधून ती यादी बहुधा डाउनलोड करता येते.

आणखी एक गोष्ट, विशेषतः दोन ठिकाणची माहिती जोडताना. काही यंत्रणा वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत देतात. ती आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असते. पेमेंट यूटीसीत आणि डिस्पॅच भारतीय वेळेत असेल, तर प्रत्येक ऑर्डर साडेपाच तासांनी हळू दिसते. उलटं असेल तर काही पार्सलं पैसे मिळायच्या आधीच निघालेली दिसतात. सगळ्यात कमी वेळ किती आलाय ते बघा. उणे आकडा दिसला, किंवा एकही ऑर्डर साडेपाच तासांच्या आत नसली, तर आधी हे तपासा.

शीट मांडणं

पाच रकाने ठेवा. `A` मध्ये ऑर्डर नंबर, `B` मध्ये पैसे मिळाल्याची वेळ, `C` मध्ये डिस्पॅचची, `D` मध्ये कॅन्सलची आणि `E` मध्ये कोणी कॅन्सल केलं ते: "ग्राहक" किंवा "दुकान". हा शेवटचा रकाना हाताने भरावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. तरी तो भराच. रंग शिल्लक नव्हता म्हणून दुकानानेच रद्द केलेली ऑर्डर आणि वाट बघून कंटाळलेल्या ग्राहकाने रद्द केलेली ऑर्डर, यांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. ग्राहकाने यादीतून निवडलेल्या कारणावर फार विसंबू नका. लोक पहिला पर्याय दाबून मोकळे होतात. फोन आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या निरोपांत त्याहून खरं कारण सापडतं.

फाइलमधली वेळ `2025-01-14 18:05:22 +0530` अशी आली, तर शीट तिला मजकूर समजते आणि वजाबाकी होत नाही. बाजूच्या रिकाम्या रकान्यात हे सूत्र लावा आणि आलेले आकडे `B` मध्ये नुसत्या किमती म्हणून पेस्ट करा. `C` आणि `D` साठीही तसंच करा:

```
=IF(B2="","",VALUE(LEFT(B2,19)))
```

फाइल ज्या क्षणी डाउनलोड केली ती वेळ `H1` मध्ये लिहा. मग `F` मध्ये ऑर्डर किती तास थांबली ते आणि `G` मध्ये तिचं शेवटी काय झालं ते काढा:

```
=IF(C2<>"",(C2-B2)*24,IF(D2<>"",(D2-B2)*24,($H$1-B2)*24))
=IF(C2<>"","रवाना",IF(D2<>"",E2,"बाकी"))
```

यात एक निर्णय दडलाय, तो लक्षात ठेवा. पार्सल निघाल्यावर कॅन्सल झालेली ऑर्डर इथे "रवाना" धरली जाते. तिचं दुखणं कुरिअरचं किंवा पत्त्याचं असू शकतं. आपण मोजतोय ते पार्सल दुकानातून निघेपर्यंतचं.

सरासरी का फसवते

दुकानात महिन्याभरात तयार मालाच्या 400 ऑर्डरींचे पैसे आले असं धरू. त्यातल्या 360 रवाना झाल्या. 28 ग्राहकांनी कॅन्सल केल्या, 10 दुकानाने, आणि फाइल काढली तेव्हा 2 बाकी होत्या.

दुकान चालवणारे काका सरासरी काढतात ती 360 ऑर्डरींची, कारण डिस्पॅचची वेळ फक्त त्यांनाच आहे. ती जेमतेम दीड दिवस येते. पण जी साडी तीन दिवस पडून राहिली आणि मग कॅन्सल झाली, ती या सरासरीत नाहीच. तिचा डिस्पॅचचा रकाना रिकामा आहे. म्हणजे उशिरामुळे जितके जास्त लोक निघून जातील, तितकी जास्त हळू ऑर्डरी हिशेबातून गळतील आणि उरलेल्यांची सरासरी चांगली दिसेल.

यावर काही जण वेगळी वाट काढतात. कॅन्सल झालेल्या ऑर्डरींचा पेमेंट ते कॅन्सल हा वेळ घेतात आणि रवाना झालेल्यांच्या वेळेशी त्याची तुलना करतात. तीही चुकीचीच. ग्राहकाने तिसऱ्या दिवशी कॅन्सल केली म्हणून ती तीन दिवसांवर थांबली. केली नसती तर कदाचित सहा दिवस लागले असते. कॅन्सल झालेल्या ऑर्डरीला खरोखर किती वेळ लागला असता, ते कधीच कळत नाही.

म्हणून प्रश्नच बदलायचा. "या ऑर्डरीला किती वेळ लागला" असं न विचारता "दोन दिवस उलटूनही थांबलेल्या ऑर्डरींपैकी तिसऱ्या दिवशी किती ग्राहकांनी कॅन्सल केल्या" असं विचारायचं. याचं उत्तर आपल्याकडच्या माहितीतून पक्कं मिळतं.

रोजच्या रांगेचा तक्ता

पैसे मिळाल्यापासूनचे पहिले 24 तास हा पहिला दिवस, 24 ते 48 तास हा दुसरा, असं धरा. प्रत्येक दिवसाच्या सुरुवातीला रांगेत किती होत्या आणि त्या दिवसात त्यांचं काय झालं ते लिहा. तिसऱ्या दिवसासाठी रांग आणि ग्राहकांनी केलेल्या कॅन्सल अशा मोजतात:

```
=COUNTIFS(F:F,">=48")
=COUNTIFS(F:F,">=48",F:F,"<72",G:G,"ग्राहक")
```

आपल्या दुकानाचा तक्ता असा येतो:

| दिवस | सुरुवातीला रांगेत | रवाना | ग्राहकाने कॅन्सल | दुकानाने कॅन्सल |
|---|---|---|---|---|
| 1 | 400 | 160 | 4 | 0 |
| 2 | 236 | 118 | 4 | 2 |
| 3 | 112 | 48 | 6 | 2 |
| 4 | 56 | 20 | 6 | 4 |
| 5 आणि पुढे | 26 | 14 | 8 | 2 |

ग्राहकांच्या कॅन्सलचा रकाना नुसता वाचला तर 4, 4, 6, 6, 8. फारसं काही वाटत नाही. पण शेजारच्या रांगेने भागून बघा. पहिल्या दिवशी 400 पैकी 4, म्हणजे 1 टक्का. दुसऱ्या दिवशी 236 पैकी 4, पावणेदोनच्या आसपास. तिसऱ्या दिवशी 112 पैकी 6, म्हणजे 5 टक्क्यांच्या वर. चौथ्या दिवशी 56 पैकी 6, जवळपास 11 टक्के. कॅन्सलची संख्या सावकाश वाढते आणि रांग मात्र झपाट्याने आटते, म्हणून तापलेला भाग नुसत्या संख्येत दिसत नाही. शेवटच्या ओळीचा टक्का मात्र वरच्यांशी ताडू नका. ती एका दिवसाची ओळ नाही, कित्येक दिवस तिच्यात एकत्र आलेत.

पहिल्या दिवसाच्या चार कॅन्सल उघडून बघा. बऱ्याचदा त्या पहिल्या तासातल्याच असतात. पत्ता चुकला, कूपन लावायचं राहिलं, चुकून दोनदा ऑर्डर झाली. तुम्ही पार्सल उडत पाठवलं असतं तरी त्या झाल्याच असत्या. त्यामुळे सगळ्या 28 कॅन्सल उशिराच्या माथी मारू नका. रोजचा 1 टक्का असाच जाणार असं धरलं, तर तिसऱ्या दिवशी 112 पैकी एखादीच जायला हवी होती, आणि गेल्या 6. आपलं लक्ष या फरकाकडे हवं.

याच तक्त्यातून काकांच्या सरासरीऐवजी वापरायला एक चांगला आकडा मिळतो. पैसे मिळालेल्या सगळ्या 400 पैकी 48 तासांत किती निघाल्या? 160 आणि 118 मिळून 278, म्हणजे 70 टक्क्यांना थोडं कमी. भाजकात सगळ्या ऑर्डरी असल्यामुळे कॅन्सल झालेली ऑर्डर इथून गळून पडत नाही.

मागावरच्या साड्या वेगळ्या ठेवा

पैठणीच्या दुकानात हे विसरलात तर वरचा सगळा तक्ता वाया जातो. काही ग्राहक आपल्या पसंतीचा रंग आणि पदर मागावर विणून घेतात. पदराच्या कामाप्रमाणे त्याला कित्येक आठवडे लागतात, भरजरी कामाला महिने लागतात. ग्राहकाला हे आधी सांगितलेलं असतं, म्हणून तो शांतपणे थांबतो.

दुकानाकडे अशा 60 ऑर्डरी आहेत आणि त्यातली एकच, बाराव्या दिवशी, कॅन्सल झाली असं समजा. त्या तक्त्यात मिसळल्या तर तिसऱ्या दिवसाची रांग 112 ची 172 होते आणि कॅन्सल 6 च राहतात. टक्का 5 च्या वरून साडेतीनवर उतरतो. शेवटच्या ओळीत रांग 26 ची 86 होते, तिथला 31 टक्क्यांच्या जवळचा आकडा साडेदहावर येतो. कागदावर असं दिसतं की जास्त थांबवलं तरी ग्राहक फारसे जात नाहीत. खरं म्हणजे थांबायची तयारी ठेवून आलेले आणि दोन दिवसांत माल निघेल असं वाचून आलेले, असे दोन वेगळे ग्राहक एका रांगेत उभे केलेत.

मागावरच्या ऑर्डरींसाठी घड्याळ पेमेंटपासून लावू नका. सांगितलेल्या तारखेपासून लावा. तारखेच्या आधी किती कॅन्सल झाल्या, तारीख उलटल्यावर रोज किती, असा तसाच तक्ता करा. लग्नाच्या साड्यांमध्ये तारीख उलटल्यावरची चढण उभी असते, कारण मुहूर्त गेल्यावर साडी उपयोगाचीच राहत नाही.

उशिरामुळेच, हे कशावरून?

तक्ता सांगतो की जास्त थांबलेल्या रांगेत कॅन्सल जास्त होतात. उशिरामुळे झाल्या, हे तो एकटा सिद्ध करत नाही. कदाचित चौथ्या दिवसापर्यंत रांगेत उरणारे लोक मुळातच वेगळे असतील. महाग साडी घेतलेले, फॉल-पिको मागितलेले, घरी कुणाशी बोलून मग ठरवणारे.

त्यासाठी अशी तुलना शोधा, जिथे उशीर ग्राहकामुळे किंवा मालामुळे झालेला नाही. आपल्याकडे ती रविवारच्या रूपाने फुकट मिळते. रविवारी कुरिअर येत नसेल तर शनिवारी संध्याकाळी पैसे भरलेली ऑर्डर आणि मंगळवारी संध्याकाळी भरलेली तशीच ऑर्डर, यांत जवळपास एका दिवसाचा फरक नुसत्या वारामुळे पडतो. फॉल-पिको नसलेल्या, साधारण एकाच किमतीच्या ऑर्डरी घ्या आणि दोन्ही गटांत ग्राहकांनी किती कॅन्सल केल्या ते बघा. शनिवारच्या गटात स्पष्टपणे जास्त असतील, तर उशिराकडे बोट दाखवायला आधार आहे. शनिवार-रविवारी निवांत खरेदी करणारे आणि मग मन बदलणारे लोक थोडे जास्त असू शकतात. त्यासाठी पहिल्या दोन तासांतल्या कॅन्सल दोन्हीकडून बाजूला काढून परत बघा.

याला एका महिन्याची माहिती पुरत नाही. 112 पैकी 6 हा आकडा पुढच्या महिन्यात काहीही न बदलता 3 किंवा 10 येऊ शकतो. तीन-चार महिने एकत्र करा, पण लग्नसराई आणि दिवाळीचे आठवडे वेगळे ठेवून बघा. त्या दिवसांत ऑर्डरी वाढतात, त्यामुळे उशीरही वाढतो, आणि घाईचे ग्राहकही तेव्हाच जास्त येतात.

मग बदल कुठे करायचा

तिसऱ्या दिवशी सुरुवातीला रांगेत असलेल्या 112 ऑर्डरी गाळा आणि त्या कशासाठी थांबल्या ते एकेका शब्दात लिहा. फॉल-पिको, रंग सापडला नाही, गाडी चुकली, पत्त्यासाठी फोन. तासाभराचं काम आहे, पण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त उजेड यातूनच पडतो. आपल्या दुकानात फॉल-पिको आणि चुकलेली गाडी वर येतील. तसं असेल तर पहिला उपाय म्हणजे ताईंकडून साड्या दुपारी तीनपर्यंत परत आणणं, म्हणजे चारच्या गाडीने त्या जातील. दुसरा उपाय, फॉल-पिकोच्या टिकशेजारीच "दोन दिवस जास्त लागतील" असं लिहिणं. हे लिहिल्यावर त्या ऑर्डरीही मागावरच्या साड्यांसारख्या वेगळ्या रांगेत धरा, कारण आता त्या ग्राहकाला सांगितलेली वेळ वेगळी आहे.

बदल केल्यानंतर नवा तक्ता करताना फक्त त्या तारखेनंतर पैसे आलेल्या ऑर्डरी घ्या. शेवटच्या ऑर्डरीनंतर निदान आठ-दहा दिवस थांबून मगच फाइल डाउनलोड करा. लगेच काढली तर कालच्या-परवाच्या बऱ्याच ऑर्डरी "बाकी" असतात. त्या सुरुवातीच्या दिवसांच्या रांगेत मोजल्या जातात, पण पुढच्या दिवसांपर्यंत पोचत नाहीत, आणि त्यांची कॅन्सल व्हायची वेळ अजून यायचीच असते.